संकष्टीच्या दिवशी रक्तदान: फलकावर काय लिहावं

प्रश्न: "आमच्या मठात येत्या संकष्टीला, रविवारी सकाळी नऊ ते दोन रक्तदान शिबिर आहे. फलक लिहायचं काम माझ्याकडे आलंय. येणारे बरेचसे उपवासाचे. त्यांना नाही म्हणायचं का? नेमकं काय लिहू?"

सरसकट नाही म्हणू नका, पण 'उपाशीपोटी येऊ नये' एवढ्यावरही सोडू नका. फराळ करणारा माणूस तो फलक वाचून परत जातो आणि निर्जळी करणारा 'आपल्याला काय होतंय' म्हणून रांगेत उभा राहतो. उपवास कोणता, हे फलकानेच विचारायला हवं.

पात्रतेच्या ओळी थोडक्यात उरका. वय 18 ते 65, पण पहिल्यांदाच देणारा साठीच्या आत हवा. वजन किमान 45 किलो. हिमोग्लोबिन 12.5 किंवा जास्त. मागच्या रक्तदानाला पुरुषांचे 90 आणि स्त्रियांचे 120 दिवस झालेले असावेत. गोळ्या चालू असतील तर नावं सांगावीत, बाकी डॉक्टर ठरवतील.

आता उपवास. पिशवीत 350 मिली रक्त जातं (वजन 55 च्या वर असेल तर 450 ही घेतात) आणि त्यात अर्ध्याहून जास्त पाणीच असतं. शरीर ते एक-दोन दिवसांत भरून काढतं, पण त्यासाठी पोटात पाणी लागतं. सकाळपासून घोटही न घेतलेल्या माणसाचं रक्त आधीच थोडं दाट झालेलं असतं, त्यामुळे हिमोग्लोबिन उलट जरा चांगलंच दिसू शकतं. म्हणजे बोटाच्या तपासणीत तो पास होतो आणि खाटेवरून उठताना घेरी येते. म्हणून स्वयंसेवकांना सांगून ठेवा: दात्याला जांभया यायला लागल्या, ओठ पांढरे पडले, कपाळावर गार घाम दिसला, की लगेच आडवं झोपवून पाय उंच करायचे आणि डॉक्टरांना हाक मारायची. उठवून खुर्चीत बसवायचं नाही.

निर्जळीवाल्यांना त्या दिवशी स्पष्ट नकार द्या. चंद्रोदय रात्री, शिबिर दोनला बंद, त्यामुळे त्यांच्यासाठी त्याच दिवशी वाट नाहीच. दुसऱ्या दिवशी नीट जेवून जवळच्या रक्तपेढीत जाता येतं. परळच्या केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयांत ती असतेच.

फराळवाल्यांचं गणित असं. समजा नोकरी करणारा, साठ किलोचा मुलगा कल्याणहून दादरला येतोय. घरून सातला केळं खाऊन निघाला, रविवारचा मेगाब्लॉक, मठात पोचेपर्यंत साडेदहा आणि रांग धरून सुई टोचेपर्यंत साडेअकरा. त्याच्या मते त्याने 'खाल्लंय', प्रत्यक्षात पोट साडेचार तास रिकामं आहे. त्याने घरी भगर-दही किंवा उकडलेलं रताळं खावं, डब्यात राजगिऱ्याचा लाडू ठेवावा आणि रांगेत लागण्याआधी लाडू खाऊन वर अर्धा लिटर पाणी प्यावं. साबुदाणा वडे मात्र रक्त देऊन झाल्यावर. तळलेलं, तुपकट खाऊन आलेल्याचं रक्त वेगळं केलं की वरचा प्लाझ्मा दुधासारखा गढूळ दिसतो आणि बरेचदा टाकून द्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. रक्तपेढीवाले नंतर बिस्किटं आणि कॉफी देतात. उपवासाचा माणूस बिस्किट बाजूला ठेवतो, कॉफी दोन घोट घेतो आणि लगेच दर्शनाच्या रांगेत किंवा स्टेशनवर जाऊन उभा राहतो. घेरी तिथे येते, जिन्यात नाहीतर फलाटावर. असे एक काका मी पाहिलेत. खाटेवर अगदी ठणठणीत होते, चपला घालायला वाकले आणि तिथेच बसले. म्हणून वेगळं टेबल मांडा: केळी, राजगिरा चिक्की, कोकम सरबत. सरबतात सैंधव घाला, म्हणजे कोणी हात आखडणार नाही. तिथे पंधरा मिनिटं बसल्याशिवाय सोडू नका. दर्शन आधी उरकून घ्या, असं फलकावरच लिहिलं तर निम्मी कटकट वाचते.

मी लिहिलं असतं ते असं:

"संकष्टीचा उपवास असलेल्यांनी फराळ करून व भरपूर पाणी पिऊनच यावे. शेवटचे खाणे चार तासांपेक्षा जुने नसावे, तळलेले नसावे. निर्जळी उपवास असल्यास आज रक्तदान करू नये. दर्शन आधी घ्यावे. रक्तदानानंतर उपवासाचा फराळ येथे मिळेल. आजचा उरलेला दिवस पाणी व सरबत घेत राहावे."

शेवटची ओळ गाळू नका. काही जण दुपारनंतर चंद्र दिसेपर्यंत काही घेत नाहीत. सकाळी रक्त दिलेल्याने त्या दिवशी ते करू नये. त्याला ते जमणार नसेल तर नाव दुसऱ्या दिवसासाठी लिहून घ्या. आणि हे सगळं फलकासोबत आदल्या रात्रीच मठाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका, सकाळी दारात वाचून कोणाचं पोट भरणार नाही.