फोनवर हँडल सांगितलं की लोक चुकीचं लिहितात

प्रश्न: पापडाच्या धंद्यासाठी smfoods_n हे हँडल घ्यायचंय. फोनवर सांगून लोकांना नीट लिहिता येईल का, आधीच कसं तपासू?

उत्तर: भर बाजारात उभं राहून तिघांना फोन लावा, अक्षरं एकदाच सांगा, 'एम फॉर मुंबई' म्हणू नका, आणि लिहिलेल्याचा फोटो मागवा. जिथे दोघं चुकतील ते अक्षर बदला. तुमच्या हँडलमध्ये fnfoods_m असं ऐकू येण्याचा धोका आहे. साध्या फोनलाइनवर आवाज साधारण 300 ते 3400 हर्ट्झपुरताच जातो. एस आणि एफमधला फरक मुख्यतः त्याच्या वरच्या सुसकाऱ्यात असतो, तो गळतो. एम-एन गोंगाटात तसेही सारखेच वाटतात. सुटी अक्षरं काढून अख्खा शब्द घ्या, उदाहरणार्थ sumanpapad. ओळखीचा शब्द कान अर्धवट ऐकूनही भरून काढतो. अंडरस्कोरही नको, तो सांगावाच लागतो. पुढे गावाचं नाव जोडणार असाल तर nashik आणि nasik दोन्ही लिहिलं जातं, म्हणून ते टाळा. मात्र ही चाचणी एचडी कॉलवर घेतलीत तर एस-एफची चूक लपते, कारण तिथे 7000 हर्ट्झपर्यंतचा आवाज पोचतो.