जर्मनीच्या बिझनेस व्हिसासाठी निमंत्रणपत्र कसं मागवायचं?

'अंबडच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. ऑक्टोबरात नव्या ग्राइंडिंग मशीनच्या ट्रायलला जर्मनीला जायचंय. मशीनवाल्यांकडून इन्व्हिटेशन लेटर मागव म्हणालेत. मेलमध्ये नक्की काय लिहू?'

नुसतं 'प्लीज सेंड इन्व्हिटेशन लेटर' लिहिलंत तर दोन ओळींचं गोडगोड पत्र येईल आणि व्हिसाला त्याचा काही उपयोग होणार नाही. समोरचा सेल्सवाला रोज अशी पत्रं काढत नसतो. म्हणून मजकूर तुम्हीच इंग्रजीत तयार करून वर्ड फाइल जोडा आणि एवढंच सांगा, की हा लेटरहेडवर घेऊन सही करा आणि स्कॅन पाठवा.

सुरुवातीला तुमचं नाव, अगदी पासपोर्टवर आहे तसं, मग जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, हुद्दा आणि कंपनीचं नाव. त्यानंतर कारण. 'बिझनेस मीटिंग' फार मोघम होतं. 'अमुक पर्चेस ऑर्डरवरच्या ग्राइंडिंग मशीनची रवानगीपूर्व तपासणी, आमच्या कारखान्यात, अमुक पत्त्यावर' असं लिहा. तुम्ही तिथे मोजमापं बघणार, रिपोर्टवर सही करणार. तिथे राबायला चाललाय असा वास पत्राला येता कामा नये, कारण नोकरीसारखं काम या व्हिसावर चालत नाही.

तारखांवर मात्र नीट बसा. समजा ट्रायल सोमवार १२ ते शुक्रवार १६ ऑक्टोबर. तुम्ही ११ ला पोचणार, १७ ला निघणार. पत्रात ट्रायलचे दिवस आणि मुक्कामाचे दिवस दोन्ही वेगळे लिहायला सांगा. ट्रायल हमखास लांबते. पहिल्या जॉबला साइज येत नाही आणि दोन दिवस सेटिंगमध्येच जातात. म्हणून 'गरज पडल्यास मुक्काम २० पर्यंत' हे वाक्य घाला आणि विमाही २० पर्यंतचा काढा. शेंगेन व्हिसावर वैधतेच्या तारखांना साधारण १५ दिवसांची सवलत धरतात, पण मुक्कामाचे दिवस वेगळे छापलेले असतात, ते ओलांडता येत नाहीत.

खर्च कोण करणार, हे आधी तुमच्या अकाउंट्सला विचारा. तिकीट आणि हॉटेल आपली कंपनी देणार असेल तर दोन्ही कंपन्यांच्या पत्रांत तेच यायला हवं. यजमानांनी सौजन्याने 'सर्व खर्च आम्ही करू' लिहिलं आणि आपल्या एचआरने 'आम्ही करू' लिहिलं, की कागद तपासणारा तिथेच थांबतो.

खाली सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, थेट फोन आणि मेल हवा. सही कंपनीच्या वतीने सही करायचा अधिकार असलेल्याची घ्या. वकिलातीतून फोन गेला तर त्याला तुमचं नाव माहीत असायला हवं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. मुंबईची अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो, तेव्हा मेल याच आठवड्यात टाका.