तीन ओळींत उरकलेलं मूल्यमापन

"मॅडम, माझं उत्तर पूर्ण असतं, माहिती चुकीची नसते, शब्दमर्यादाही पाळते. तरी पंधरापैकी पाच-सहाच्या वर गुण जात नाहीत. तपासणारे 'आणखी विश्लेषण हवे' एवढंच लिहितात. माझे गुण नेमके कुठे जातात?"

हे विचारणारी मुलगी बारामती तालुक्यातली. तीन वर्षं ती बहुपर्यायी पद्धतीने राज्यसेवेची तयारी करत होती. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि तिला उत्तरं लिहायला बसावं लागलं. मी तिला म्हटलं, सगळी वही नको, ज्या उत्तराला सगळ्यात जास्त गुण मिळायला हवे होते असं तुला वाटतं, ते एकच आण.

तिने आणलेला प्रश्न असा होता: "१८७५ च्या दख्खनमधील शेतकरी उठावाची कारणे स्पष्ट करा आणि त्यानंतर सरकारने योजलेल्या उपायांचे मूल्यमापन करा." १५ गुण, २५० शब्द. उठाव सुरू झाला तो सुप्यात, तिच्या गावाजवळच. लहानपणापासून ऐकलेला विषय. सहा गुण पाहून ती जास्त दुखावली होती ती त्यामुळेच.

मी उत्तर वाचण्याआधी तिच्या हातात पेन्सिल दिली. प्रत्येक ओळीच्या समासात फक्त एक अक्षर लिहायचं: कारणांबद्दल असेल तर 'का', उपायांबद्दल असेल तर 'उ', मूल्यमापन असेल तर 'मू', आणि यातलं काहीच नसेल तर फुली. पाच मिनिटं लागली. छत्तीस ओळींपैकी नऊ फुल्या, वीस 'का', चार 'उ' आणि तीन 'मू'. ती बराच वेळ समासाकडे बघत राहिली.

फुल्या पडलेल्या नऊ ओळी तिच्या उत्तरातल्या सगळ्यात चांगल्या ओळी होत्या. १२ मे १८७५ चा बाजाराचा दिवस, सावकारांच्या दुकानांवर चालून आलेले शेतकरी, जाळलेल्या वह्या आणि कर्जखतं, मग अहमदनगरपर्यंत पसरलेलं लोण. वाचायला छान. पण प्रश्नात 'उठावाचे वर्णन करा' कुठेही नाही. या नऊ ओळींतली एकच ओळ कामाची होती, कर्जखतं जाळल्याची, कारण शेतकऱ्यांचा राग माणसांपेक्षा कागदावर होता हे तिच्यातून दिसतं. ती कारणांच्या भागात हवी होती.

गुणांची विभागणी मी तपासताना माझ्यापुरती ठरवते: कारणांना सहा, उपाय आणि मूल्यमापनाला सात, मांडणीला दोन. त्या हिशेबाने कारणांत तिचे दीड गुण गेले, मांडणीत दीड, आणि मूल्यमापनात सहा. नऊ गुण गेले, त्यातले सहा एकाच जागी.

आधी कारणांतला दीड गुण बघू. तिने लिहिलं होतं: "अमेरिकन यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव पडले. सारावाढ झाली. सावकार शेतकऱ्यांची फसवणूक करत." तीन वाक्यं, तिन्ही बरोबर, पण एकमेकांना न शिवणारी. बहुपर्यायी परीक्षेची सवय इथे दिसते: मुद्दा ओळखता आला की काम झालं. 'स्पष्ट करा' म्हटल्यावर एकातून दुसरं कसं घडलं ते लिहावं लागतं. १८६१ ते १८६५ या युद्धकाळात कापसाला भाव आला, म्हणून सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिलं. युद्ध संपलं, भाव उतरले, सावकारांनी हात आखडता घेतला आणि जुनी वसुली सुरू केली. नेमकं त्याच सुमारास, १८६७ पासून इंदापूरकडून सुरुवात होऊन, तीस वर्षांच्या जमाबंदीची फेरआकारणी झाली आणि सारा कित्येक ठिकाणी पन्नास ते शंभर टक्क्यांनी वाढला. म्हणजे पैशाची गरज वाढली तेव्हाच कर्ज मिळेनासं झालं. ही सांगड लिहायला फार तर दोन वाक्यं जास्त लागतात.

फसवणुकीचंही तसंच. कशी फसवणूक, ते नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखत तीनच वर्षं वैध राहणार होतं. व्याज साचू नये हा त्याचा हेतू. सावकार दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घेऊ लागले आणि थकलेलं व्याज मुद्दलात धरू लागले. शेतकऱ्याच्या बाजूने केलेला कायदाच त्याच्यावर उलटला. हे तिला माहीत होतं, मी विचारल्यावर तिने तोंडी धडाधड सांगितलं. कागदावर फक्त 'फसवणूक' हा शब्द होता.

आता मूल्यमापन. तिच्या तीन ओळी: "१८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा करण्यात आला. हा कायदा महत्त्वाचा होता. त्यामुळे शेतकऱ्यांना मोठा दिलासा मिळाला." 'मू' लिहिलेली पहिली ओळ खरं तर 'उ' आहे. उरलेल्या दोन ओळी कुठल्याही कायद्याखाली चिकटवता येतील. मी तिला तेच करायला लावलं. १८७९ च्या जागी दुसऱ्या एखाद्या कायद्याचं नाव घाल आणि वाक्य खोटं ठरतं का बघ. ठरलं नाही. माझ्या मते तपासणाऱ्याला 'विश्लेषण हवे' म्हणायला लावणारी ओळ ही अशी असते.

मग आम्ही तिला माहीत असलेलंच दोन बाजूंना मांडलं. कायद्याने काय दिलं? न्यायालयाला खतामागचा मूळ व्यवहार तपासता येऊ लागला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं थांबलं. मर्यादा काय? कायदा आधी पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चारच जिल्ह्यांपुरता होता. सावकार कर्ज द्यायला कचरू लागले, काही जण गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घेऊ लागले. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: चौकशी आयोगाने उठावाचं खापर सावकारांवर फोडलं, सरकारी साऱ्याला कारण मानलं नाही.

इथे ती थांबली आणि म्हणाली, "म्हणजे कारणांत मी सारावाढ लिहिलीय, आणि उपायात सरकारने त्या कारणाला हातच लावला नाही, हे मूल्यमापन?"

हो. प्रश्नाचे दोन भाग 'आणि'ने जोडलेले असतात ते यासाठी. पहिल्या भागातल्या प्रत्येक कारणापाशी जाऊन विचारायचं, उपायाने याचं काय केलं? कर्जखताचं काही प्रमाणात केलं, साऱ्याचं केलं नाही. एवढं लिहिलं तरी मूल्यमापनाला कणा येतो आणि मांडणीही आपोआप बसते.

ही समासातली अक्षरं सगळ्यांना लागू पडतील असं नाही. समासात फुल्या नसतील, प्रत्येक भागाला पुरेशा ओळी असतील आणि तरी गुण कमी असतील, तर दोष मांडणीत नाही, वाचनात आहे. त्या मुलाला मी पुन्हा पुस्तकाकडे पाठवते. हिच्या बाबतीत तसं नव्हतं.

तिने तेच उत्तर आठवड्याने पुन्हा लिहून आणलं. सुप्याचा बाजार एका वाक्यात आला होता, कारणं चौदा ओळींत, उपाय पाच, मूल्यमापन बारा. मी नऊ गुण दिले. शेवटी तिने 'शेतकऱ्याचा असूड' आणला होता, आधी कुठेही उल्लेख नसताना. ते १८८३ चं, उठावानंतरचं, आणि समारोपात नवा मुद्दा आला की तो लोंबकळत राहतो, म्हणून तिथे अर्धा गुण कापला. तिने वाद घातला नाही. पेन्सिल घेतली आणि त्या ओळीपुढे स्वतःच फुली मारली.