प्रबंध सादर करण्याच्या शेवटच्या दिवशी

शेवटच्या दिवशी नवे काही लिहू नका. प्रबंधाची छापील प्रत घेऊन फक्त अवतरणचिन्हे शोधत जा आणि प्रत्येक उतारा आपल्या टिपणवहीशी नव्हे, तर मूळ पानाशी शब्दशः ताडून पाहा. नवी मुंबईच्या नियोजनावरील माझ्या प्रबंधात सिडकोच्या १९७० मधील स्थापनेविषयीचे एक वाक्य मी दुसऱ्या संशोधकाच्या पुस्तकातून घेतले होते, पण संदर्भ मात्र मूळ अहवालाचा दिला होता. ठाण्याच्या ग्रंथालयात तो अहवाल उघडल्यावर मधले एक उपवाक्य गळल्याचे आणि तिथे तीन टिंबेही नसल्याचे दिसले. मूळ अहवाल मिळाला नसता, तर 'अमुक यांच्या पुस्तकात उद्धृत' असे लिहिणेच प्रामाणिक ठरले असते. इंग्रजी उतारा तुम्ही स्वतः मराठीत आणला असेल, तर 'भाषांतर माझे' अशी नोंद हवीच. ती बहुतेकांची राहून जाते.

त्यानंतर मजकुरातील संदर्भ आणि संदर्भसूची दोन्ही बाजूंनी जुळवा, कारण वर्षांमधील तफावत इथेच सापडते. अर्थसाहाय्य, मुद्रितशोधनाची मदत आणि पूर्वी सादर केलेला स्वतःचा मजकूर यांचा उल्लेख निवेदनात झाला आहे, याची खात्री करूनच पीडीएफ तयार करा.