कागदावर छापलंय तेच लिही रे भो

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. "काका, परदेशी डिग्र्या तपासायच्या त्या जर्मन डेटाबेसवर, anabin वर, माझं कॉलेज दिसतच नाही, म्हणजे जर्मनीत आपली डिग्री चालत नाही का?" अरे भो, चार वर्षं इंजिनिअरिंग केलं आणि डिग्रीवर सही कोणाची आहे ते पाहिलं नाहीस? कॉलेज शिकवतं, डिग्री विद्यापीठ देतं. आपल्याकडची काही कॉलेजं मधल्या काळात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडून लोणेरेच्या विद्यापीठाकडे गेली, म्हणजे एकाच वर्गखोलीत बसलेल्या दोन बॅचच्या डिग्र्या दोन वेगळ्या विद्यापीठांच्या असू शकतात. म्हणून आधी कपाटातून सर्टिफिकेट काढ आणि त्यावर जे छापलंय तेच शोध. कॉलेजच्या गेटवरची पाटी इथे कामाची नाही.

शोधताना देश Indien निवड, मग विद्यापीठ. नावापुढे H+ असेल तर ती संस्था त्यांच्याकडे उच्चशिक्षणाची म्हणून मान्य आहे, H- असेल तर नाही, आणि H+/- म्हणजे सरसकट सांगता येत नाही, प्रत्येक केस वेगळी बघतात. इथवर आल्यावर पोरं नाचायला लागतात पण H+ नुसता संस्थेचा झाला, तुझ्या डिग्रीचं अजून बाकीच आहे. डिग्रीचा शोध वेगळा असतो, तिथे तुझा बॅचलर ऑफ इंजिनिअरिंग सापडला आणि पुढे entspricht किंवा gleichwertig, म्हणजे बरोबरीची, असं लिहिलेलं असलं तर नोकरीच्या व्हिसासाठी दोन्ही पानांची प्रिंट काढून ठेव. bedingt vergleichbar, म्हणजे काही अंशीच तुलना होण्यासारखी, असं असलं किंवा डिग्रीच सापडली नाही तर ZAB या परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या जर्मन ऑफिसकडून तुलनेचं सर्टिफिकेट मागवायचं, फी 208 युरो. पण तू मास्टर्सला अर्ज करणार असशील तर हे पैसे उगाच घालवू नको, तिथली विद्यापीठं स्वतः किंवा uni-assist मार्फत तपासून घेतात.

आता माझं ऐक. माझी डिग्री जुनी, वर नॉर्थ महाराष्ट्र युनिव्हर्सिटी छापलेलं. 2018 ला विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव लागलं, आपल्याला केवढा आनंद झाला होता, आणि पुढच्या वर्षी परदेशातल्या एका ऑफिसचा फॉर्म भरताना मी अभिमानानं नवं नाव टाकलं. कागदावर जुनं, फॉर्मवर नवं. त्यांनी विचारलं, ही एकच संस्था आहे याचा पुरावा द्या. मग चकरा, पत्र, शिक्का, कुरिअर, आणि तोवर नोकरी गेली दुसऱ्याला. मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं, आजही म्हणतो, नाव खरंच बदललं होतं! पण समोरचा माणूस कागद आणि फॉर्म शेजारी ठेवून बघतो, त्याला बहिणाबाई कोण ते काय माहीत. जुनंच नाव लिहून नाव बदलल्याचं पत्र सोबत जोडलं असतं तर विषय तिथेच संपला असता. तुझं स्वतःचं नाव पण बघ, मार्कशीटवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी असतं, त्यात वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं. जसं छापलंय तसंच ठेव, फरक असेल तर अ‍ॅफिडेव्हिट कर, मनानं जुळवत बसू नको.

आणि दुसरी गोष्ट जी वाचून माझं डोकं फिरलं. तू सीव्हीत 72.2 टक्के लिहिलंस. कुठून आणले? तर तुझ्या 7.6 CGPA ला 9.5 ने गुणलं, मित्राने सांगितलं म्हणून. अरे ते 9.5 सीबीएसईच्या दहावीचं! जर्मनीत ग्रेड बदलायचं सूत्र वेगळं आहे, बव्हेरियन म्हणतात त्याला:

```
1 + 3 × (कमाल − तुझे) / (कमाल − किमान पास)
```

तिकडे 1 सगळ्यात भारी आणि 4 म्हणजे काठावर पास. तुझे 7.6, कमाल 10, किमान 4 धरले तर 2.4 भागिले 6, गुणिले 3, अधिक 1, म्हणजे 2.2. आता तुझे ते 72.2 टक्के घाल, कमाल 100 आणि किमान 40, उत्तर येतं जवळपास 2.4. बघ, स्वतःच्या हातानं स्वतःची ग्रेड खाली आणलीस, ते पण फॉर्मवर एक आणि मार्कशीटवर एक असा घोळ करून. रूपांतर करणं त्यांचं काम आहे. तू 7.6 पैकी 10 असं पण लिहू नको, घाईत हे लिहिलेलं मी पाहिलंय, 10 पैकी 7.6 लिही आणि गप्प बस.

एक मात्र तुलाच बघावं लागेल, तो किमान आकडा. 4 ऐवजी 5 असेल तर तेच 7.6 थेट 2.44 होतात, आणि 2.5 च्या आत मागणाऱ्या कोर्सला तू अगदी काठावर येतोस. तो आकडा मी सांगायचा नाही आणि मित्राने तर मुळीच नाही, बऱ्याचदा तो मार्कशीटच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेला असतो. तू मला फक्त पुढच्या बाजूचा फोटो पाठवलायस. मागचा पाठव.