‘से’ पुढे की मागे? एका उत्तरपत्रिकेवरून झालेला वाद

प्रश्न: आमच्या स्पॅनिशच्या पुस्तकात सकाळच्या दिनक्रमावर छोटी गोष्ट आहे आणि खाली सर्वनामाच्या जागेवर प्रश्न आहेत. ‘ती अंघोळ करते आहे’ यासाठी ‘से एस्ता दुचान्दो’ आणि ‘एस्ता दुचान्दोसे’ यांतलं बरोबर कोणतं? आणि परीक्षेला पंधरा दिवस आहेत, हे पक्कं कसं करू?

दोन्ही बरोबर. कोणी यातल्या एकावर काट मारली तर तो गुण भांडून परत घ्या. माझ्या विद्यार्थिनीसाठी मी भांडले होते, आणि तुमचा प्रश्न वाचून ते सगळं पुन्हा डोक्यात गेलं.

मी पुण्यात एका वर्गात स्पॅनिश शिकवायचे. तिथे एक ज्येष्ठ सर होते, मूळचे गोव्याचे. पोर्तुगीज त्यांच्या घरातच होती, स्पॅनिश नंतर शिकलेले. माणूस विद्वान, उच्चार सुरेख, पण ‘जोडून लिहिलेलं ते शुद्ध, सुटं लिहिलेलं ते बाजारी’ हे त्यांच्या मनात इतकं पक्कं होतं की हलता हलत नव्हतं. पहिल्या पातळीच्या परीक्षेला गोष्ट मी लिहिली आणि उत्तरसूची त्यांनी केली. गोष्ट अशी:

‘लुसिआ से देस्पिएर्ता आ लास सेइस इ मेदिआ, पेरो नो से लेवान्ता. पिएन्सा: लेवान्ताते, लुसिआ, नो ते दुएर्मास! से लेवान्ता, से दुचा इ से लावा लोस दिएन्तेस. लुएगो देस्पिएर्ता आ सु एर्मानो इ लो विस्ते, पोर्के एल निन्यो नो साबे वेस्तिर्से. एस्ता पोनिएन्दोसे लोस सापातोस कुआन्दो सु मादरे ले दिसे: कितातेलोस इ आकुएस्ताते, इखा, के ओय एस दोमिंगो.’

साडेसहाला जागी होऊनही न उठणारी लुसिआ शेवटी उठते, आवरते, धाकट्या भावाला उठवून त्याला कपडे घालते, स्वतः बूट चढवत असते आणि आई म्हणते, काढ ते बूट आणि झोप जा, आज रविवार आहे.

प्रश्न होता: गोष्टीतल्या सर्वनामांची जागा बदलून वाक्यं पुन्हा लिहा, जिथे बदलता येत नाही तिथे तसं सांगा. एका मुलीने लिहिलं, ‘से एस्ता पोनिएन्दो लोस सापातोस’ आणि ‘नो से साबे वेस्तिर’. बाकीची सर्वनामं जागची हलत नाहीत, असंही लिहिलं. सरांनी पहिल्या दोन्हींवर लाल काट मारली. वर ‘से लेवान्ता’ हे बदलून ‘लेवान्तासे’ करता येतं, ते तिने लिहिलं नाही म्हणून आणखी एक गुण कापला. मुलगी रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली.

मी सरांना आधी साधं विचारलं की सर, माद्रिदमध्ये आज सकाळी कोण ‘लेवान्तासे’ म्हणेल? त्यांनी कपाटातून जुन्या स्पॅनिश कथांचं एक पुस्तक काढलं आणि ‘लेवान्तोसे’, म्हणजे ‘उठला’, असं छापलेलं वाक्य दाखवलं. छापलेलं होतं, ते मी कशाला नाकारू? पण ते वाक्याच्या अगदी सुरुवातीला होतं, आणि सगळी गोम तिथेच आहे. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये असं दुबळं, आघात नसलेलं सर्वनाम वाक्याच्या तोंडाशी येत नसे. वाक्य क्रियापदाने सुरू झालं की सर्वनाम त्याच्या मागे जायचं. आधी ‘नो’सारखा शब्द असेल तर मात्र पुढेच यायचं. पुढे स्पॅनिशने हा नियम सोडला. आज काळ-पुरुषाप्रमाणे चालवलेल्या क्रियापदापुढे सर्वनाम येतं, मग वाक्य तिथूनच सुरू होत असो वा नसो. जुन्या वळणाच्या लेखनात ‘लेवान्तोसे’ राहिलं, आणि परीकथांच्या सुरुवातीच्या ‘एरासे उना वेस’मध्ये ते अजून जिवंत आहे. एवढंच.

पोर्तुगालच्या पोर्तुगीजने मात्र तो जुना नियम टाकला नाही. तिथे आजही ‘उठते’ म्हणताना सर्वनाम क्रियापदाला मागून जोडतात आणि ‘उठत नाही’ म्हणताना पुढे आणतात. म्हणजे सर स्पॅनिश तपासत होते पोर्तुगीज कानाने! हे मी त्यांना स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हटलं. एकांतात म्हणायला हवं होतं असं इतर शिक्षकांचं मत पडलं. माझं पडलं नाही, कारण काटही सगळ्या वर्गासमोर वाटलेल्या उत्तरपत्रिकेवर मारली होती.

आता तुमच्या उपयोगाचं. आधी हे पाहा की क्रियापदाला ‘से’ लागतं का, जागा नंतर. मराठी माणसाला हे सोपं जायला हवं, पण पुस्तकं ‘स्वतःला उठवतो’ असलं काहीतरी लिहून घोळ घालतात. स्पॅनिशमध्ये ‘लेवान्तार’ म्हणजे उठवणे आणि ‘लेवान्तार्से’ म्हणजे उठणे. ‘सेन्तार’ बसवणे, ‘सेन्तार्से’ बसणे. ‘बान्यार’ अंघोळ घालणे, ‘बान्यार्से’ अंघोळ करणे. आपण उठणेपासून उठवणे बनवतो, ते उठवणेपासून उठणे बनवतात. म्हणून ‘लुसिआ लेवान्ता आ लास सिएते’ लिहिलंत तर वाचणारा विचारेल, सातला उठवते ते कोणाला? गोष्टीत ‘से देस्पिएर्ता’ आणि ‘देस्पिएर्ता आ सु एर्मानो’ मी मुद्दाम दोन्ही घातलं होतं.

जागेचं म्हणाल तर क्रियापद कोणत्या रूपात आहे एवढंच बघायचं. काळ आणि पुरुषाप्रमाणे चालवलेलं क्रियापद एकटं असेल तर सर्वनाम त्याच्या पुढे, सुटं: ‘से लेवान्ता’, ‘नो से लेवान्ता’. ‘मे ए लेवान्तादो’ हेही त्यातलंच. तिथे ‘लेवान्तादो’ला काही चिकटवायचं नाही, कधीच नाही. होकारार्थी आज्ञा असेल तर मागे, जोडून: ‘लेवान्ताते’. तीच आज्ञा नकारार्थी झाली की सर्वनाम उडी मारून पुढे येतं आणि क्रियापदाचं रूपही बदलतं: ‘नो ते लेवान्तेस’. आईचं ‘कितातेलोस’ उलटं केलंत तर ‘नो ते लोस कितेस’ होईल. दोन्ही सर्वनामं हातात हात घालून सरकतात, माणसाचं आधी आणि वस्तूचं नंतर, आणि त्यांची ताटातूट करायची नाही.

तुमचा नेमका प्रश्न जोडीच्या क्रियापदांचा आहे: एक चालवलेलं, दुसरं मूळ रूपात किंवा ‘-आन्दो, -इएन्दो’ लागलेलं. तिथे सर्वनाम सगळ्यात पुढे तरी बसतं किंवा सगळ्यात मागे जोडून तरी. ‘से वा आ दुचार’ किंवा ‘वा आ दुचार्से’. बोलताना लोक पुढे ठेवण्याकडे जास्त झुकतात, पण लेखी परीक्षेतही ते तितकंच प्रमाण आहे. चूक होते ती मध्ये घुसवल्यावर: ‘वा आ से दुचार’, ‘एस्ता से दुचान्दो’ असं स्पॅनिशमध्ये चालत नाही. (ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलताना मध्ये घालतात. सरांना मी हेही ऐकवलं. ते म्हणाले, ब्राझीलचं मला सांगू नका.)

जोडून लिहिलंत की दोन गोष्टी तपासा, कारण खरे गुण तिथे जातात. पहिली म्हणजे पुरुष. शब्दकोशात ‘दुचार्से’ असतं म्हणून पोरं ‘वोय आ दुचार्से’ लिहितात. अंघोळ तुम्ही करणार असाल तर ‘वोय आ दुचार्मे’, आम्ही करणार असू तर ‘वामोस आ दुचार्नोस’. दुसरी म्हणजे स्वरावरची तिरकी रेघ. आघात मूळ जागीच राहतो, पण मागे अक्षर वाढल्याने तो शेवटून तिसऱ्या अक्षरावर गेला की रेघ द्यावीच लागते. ‘लेवान्ता’ला रेघ नाही, ‘लेवान्ताते’मध्ये ‘वान’वर आहे. ‘पोनिएन्दो’ला नाही, ‘पोनिएन्दोसे’मध्ये ‘निएन’वर आहे. ‘वेस्तिर्से’ला नाही, कारण तिथे आघात शेवटून दुसऱ्यावर येतो. ही रेघ विसरणाऱ्याचा गुण सर कापायचे, आणि त्या बाबतीत ते बरोबर होते.

आणि हो, दात घासताना ‘सुस दिएन्तेस’ लिहू नका. ‘से’नेच कोणाचे दात ते सांगितलं, म्हणून ‘लोस दिएन्तेस’.

शेवटी माझ्या पहिल्या वाक्याला थोडी मुरड घालते, नाहीतर सर हे वाचून खूश होतील. पुढेमागे दोन्ही चालतं ते ‘एस्तार’, ‘इर आ’, ‘पोदेर’, ‘केरेर’, ‘तेनेर के’, ‘साबेर’ अशांच्या जोडीत. सगळीकडे नाही. ‘मे गुस्ता दुचार्मे पोर ला नोचे’ इथे ‘गुस्ता’चं स्वतःचं ‘मे’ आधीच पुढे बसलंय, ‘दुचार’चं मागेच राहणार. ‘आय के लेवान्तार्से’, म्हणजे उठायला हवं. यातल्या ‘आय’ला कोणी कर्ता नसतो, त्याच्यापुढे ‘से’ नेता येत नाही. ‘आन्तेस दे आकोस्तार्से’ इथेही ‘से’ हलत नाही, कारण सोबत चालवलेलं क्रियापदच नाही. म्हणून जोडी ओळखीची वाटली नाही तर परीक्षेत मागे जोडून लिहा, तिथे चुकण्याचा धोका कमी. सरांचा नियम म्हणून नव्हे.

आमच्या वादाचं म्हणाल तर मुलीचे दोन गुण परत मिळाले. ‘लेवान्तासे’चा तिसरा सरांनी दिला नाही. तो त्यांनी द्यायलाच हवा होता, असं माझं आजही म्हणणं आहे.