मर्जरच्या काळात पूल कोसळल्याचं स्वप्न: एकच चित्र, दोन अर्थ

प्रश्न: आमच्या कंपनीचं मर्जर चालू आहे. मला आणि शेजारी बसणाऱ्या कलीगला, दोघांनाही पूल कोसळल्याचं स्वप्न पडलं. तो म्हणतो नोकरी जाणार, मला तसं वाटत नाही. नक्की अर्थ काय?

उत्तर: अगदी हेच आमच्याकडे झालं होतं. मी अकाउंट्सला आहे. आमचं मर्जर चालू असताना एकदा जेवायला बसलो आणि माझा सहकारी एकदम म्हणाला, "काल स्वप्नात पूल पडला, माझी नोकरी गेली समज." मी म्हटलं अरे मलाही पडलं परवा, पण मी त्याला काही किंमतच दिली नव्हती.

दोघांना पूलच का दिसला ते पाच मिनिटांत सापडलं. त्या आठवड्यातल्या मीटिंगमध्ये पहिल्याच स्लाइडवर दोन लोगो आणि मधे पुलाचं चित्र होतं. आदल्या एक-दोन दिवसांत पाहिलेल्या गोष्टी स्वप्नात येतात, फ्रॉइडने 1900च्या पुस्तकात याला दिवसाचे अवशेष म्हटलंय. म्हणजे पूल हा दोघांचा कॉमन माल, त्यावरून काहीच कळत नाही. माझं म्हणणं इथेच संपलं होतं, की मेंदूने स्लाइड परत दाखवली, बास.

पण मग तो म्हणाला, "तू कुठे उभी होतीस?" आणि तिथून सगळं बदललं. मी पुलाच्या मधोमध होते, हातात कागदांचा जड गठ्ठा, पायाखालचा रस्ता हळूहळू वाकत होता आणि बाकीचे लोक आरामात चालत होते, मी ओरडतेय आणि कुणी वळून बघत नाही. तो मात्र काठावर होता. पूल रिकामा होता, आवाज न होता खाली गेला, आणि त्याला भीती नाही तर चक्क हलकं वाटलं. अशुभ तो म्हणत होता ते जाग आल्यावर, स्वप्नात तसं काहीच नव्हतं. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. अर्नेस्ट हार्टमन नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांचं म्हणणं असं की आधी भावना असते आणि मन तिला शोभेल असं चित्र शोधतं, म्हणून चित्रापेक्षा भावना धरायची.

अर्थ लावताना आम्ही एकच नियम पाळला, "हे स्वप्न माझं असतं तर..." असंच बोलायचं. ही पद्धत माँटेग्यू उलमन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाची. समोरच्यावर अर्थ लादायचा नाही, ज्याचं स्वप्न त्याचाच शब्द शेवटचा. तो म्हणाला, "माझं असतं तर मी विचारलं असतं, तो गठ्ठा कसला?" आणि मला लगेच कळलं! दोन्ही कंपन्यांच्या पुस्तकांत 37 व्हेंडर सारखेच होते पण कोड वेगळे. आमच्या सिस्टीममध्ये बिल दोनदा आलंय का हे एका कोडच्या आतच तपासलं जायचं, त्यामुळे एकच बिल दोन कोडवर पडलं तर पेमेंट दोनदा जाणार. हे मी दोन आठवडे मेलवर सांगत होते, उत्तर नाही. ओरडतेय आणि कुणी वळत नाही ते हेच.

मग माझी पाळी. मी म्हटलं, "माझं असतं तर मला ही कंपनी मनातून सोडायचीच असती, म्हणून हलकं वाटलं." तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "नाही गं, तसं नाही. पुलावर कुणी नव्हतं म्हणून हलकं वाटलं." सोमवारी त्याच्या टीममधल्या चौघांनाही नवीन नेमणुकीची पत्रं मिळाली होती, स्वतःचं पत्र यायचं होतं पण टीमच्या माणसांची काळजी मिटली होती. माझा अर्थ ऐकायला बरा होता पण चुकला, आणि स्वतःचा अर्थ सांगताना त्याचा आवाज बदलला त्यावरून खरा कुठला ते कळत होतं.

नोकरी जाईल का हे मात्र स्वप्नातून कळत नाही. मर्जरमध्ये सगळेच नोकरीचा विचार करत असतात, काहींची जातेच, त्यामुळे कुणाचं ना कुणाचं स्वप्न खरं ठरल्यासारखं वाटणारच. म्हणून तुमच्या कलीगला भविष्य विचारू नका, तो कुठे उभा होता, सोबत कोण होतं आणि पूल पडताना त्याला काय वाटलं ते विचारा. तुम्हीही उठल्या उठल्या, फोन हातात घ्यायच्या आधी, एवढं लिहून ठेवा, नाहीतर तपशील लगेच पुसले जातात.

आणि तेच स्वप्न घाबरवत परत परत येत असेल तर जागेपणी त्याचा शेवट तुम्हाला हवा तसा बदलून लिहा आणि रोज दहा-वीस मिनिटं ती नवी आवृत्ती डोळ्यांसमोर आणा. दुःस्वप्नांवर ही पद्धत तज्ज्ञही वापरतात. झोपच उडाली असेल तर मात्र अर्थ लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

मी त्या दुपारी 37 व्हेंडरची यादी रकमांसकट परत पाठवली, यावेळी थेट फायनान्सच्या साहेबांना, आणि संध्याकाळी त्यांचा फोन आला.